नॉर्वेचा तेलाचा फंड: पैसा आत कसा जातो आणि बाहेर कसा येतो

प्रश्न: नॉर्वेसारखे देश तेलाचे पैसे पुढच्या पिढ्यांसाठी फंडात टाकतात म्हणतात, म्हणजे नक्की काय करतात? सरकारला गरज पडली की काढून घेत नाहीत का? आणि सगळा पैसा परदेशातच का गुंतवायचा, स्वतःच्या देशात रस्ते, दवाखाने बांधले तर जास्त फायदा नाही का?

उत्तर:

काढून घेतात. दरवर्षी काढतात आणि भरपूर काढतात. बऱ्याच लोकांच्या डोक्यात असं चित्र असतं की नॉर्वेने एक मोठी तिजोरी बांधली, कुलूप लावलं आणि किल्ली नातवंडांसाठी ठेवून दिली. तसं काही नाहीये. मी बरीच वर्षं सरकारी रोखे आणि असल्या फंडांचे हिशेब वाचायचं काम करतोय, आणि नवीन माणूस कामाला आला की त्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो की फंड केवढा आहे ते नंतर बघ, आधी त्यात पैसा कुठून येतो आणि बाहेर कुठल्या वाटेने जातो ते बघ. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या दोन वाटांमध्येच आहेत, म्हणून नॉर्वेची व्यवस्थाच जरा नीट उलगडून सांगतो.

आधी आत येणारी वाट. नॉर्वेच्या समुद्रात 1969 च्या शेवटी एकोफिस्क नावाचं मोठं तेलक्षेत्र सापडलं आणि 1971 पासून तेल निघायला लागलं. तेल काढणाऱ्या कंपन्यांना तिथे दोन टॅक्स लागतात, एक नेहमीचा कंपनी टॅक्स आणि वर तेलासाठीचा खास टॅक्स, दोन्ही मिळून नफ्यावर 78 टक्के होतात. याशिवाय बऱ्याच तेलक्षेत्रांत सरकारची स्वतःची थेट भागीदारी आहे, म्हणजे खर्चही भागीत आणि उत्पन्नही भागीत, आणि इक्विनॉर या तेलकंपनीत सरकारचे दोन तृतीयांश शेअर असल्यामुळे तिचा डिव्हिडंड येतो. (78 टक्के ऐकून लोक चक्रावतात, पण खर्चही त्याच दराने वजा होतो, म्हणजे कोरडी विहीर खणली तरी तिच्या खर्चाचा मोठा वाटा शेवटी सरकारच सोसतं, म्हणून कंपन्या पळून गेल्या नाहीत.) तर हे सगळं तेलाचं निव्वळ उत्पन्न फंडाच्या खात्यात जातं. सगळं म्हणजे सगळं, दहा टक्के नाही की पंचवीस टक्के नाही.

आता बाहेर जाणारी वाट, आणि खरी गंमत इथे आहे. नॉर्वेचं सरकार बजेट मांडताना तेलाचं उत्पन्न शून्य धरतं. बाकीचे टॅक्स, म्हणजे पगारावरचे, खरेदीवरचे, इतर धंद्यांवरचे, एवढ्यात सगळा खर्च भागत नाही, तूट येतेच. तिला तेल वगळून तूट म्हणू. ही तूट किती असावी हे संसद मंजूर करते आणि नेमकी तेवढी रक्कम फंडातून बजेटमध्ये येते. फंडातून पैसा बाहेर पडायला ही एकच वाट आहे. कुठल्या मंत्र्याला वाटलं की अमुक पुलासाठी फंडातून परस्पर काढू, तर तसा रस्ताच ठेवलेला नाही. पूल हवा असेल तर तो बजेटमध्ये यायला लागतो, शाळा आणि पेन्शनच्या रांगेत उभा राहायला लागतो, आणि त्याने तूट किती वाढली ते सगळ्यांना दिसतं.

एक सोपं उदाहरण घेऊ, आकडे माझ्या मनचे आहेत. समजा एका देशाचा वर्षाचा खर्च 100 आहे, तेल सोडून टॅक्स 82 येतात, म्हणजे तूट 18. फंडात आधीचे 600 आहेत आणि नियम असा की वर्षाला फंडाच्या 3 टक्क्यांच्या आसपास काढायचे, म्हणजे 18. तेलाचं उत्पन्न त्या वर्षी 50 आलं. हिशेब असा की 50 आत, 18 बाहेर, निव्वळ 32 शिल्लक. आता पुढच्या वर्षी तेलाचा भाव कोसळला आणि 50 चे 10 झाले. ज्या देशाचं बजेट थेट तेलावर चालतं तिथे या घडीला पगार थकतात, अर्धवट पूल तसेच राहतात. इथे काय होतं? 10 आत, 19 च्या आसपास बाहेर, म्हणजे फंड 9 ने कमी होतो आणि बजेटमधल्या कुणाला कळतही नाही की तेलबाजारात भूकंप झालाय. उलट बाजूने बघा, तेलाचं उत्पन्न दुप्पट होऊन 100 झालं. आधीपेक्षा 50 जास्त आले खरे, पण ते फंडात जातात आणि बजेटला पुढच्या वर्षापासून मिळतात त्यांचे 3 टक्के, म्हणजे दीड. पन्नासाची तेजी बजेटपर्यंत पोचते ती दीडाच्या रूपात, हां पण ती दीड पुढची कितीतरी वर्षं पोचत राहते. पुढच्या पिढ्यांसाठी ठेवणं म्हणजे व्यवहारात हेच, मुद्दल जमिनीखालून काढून शेअर बाजारात ठेवायचं आणि फक्त त्याचं पीक खायचं.

हा 3 टक्क्यांचा आकडा कुठून आला? 2001 मध्ये नॉर्वेने नियम केला की तेलाच्या पैशाचा वापर हळूहळू फंडाच्या अपेक्षित वास्तव परताव्याएवढा ठेवायचा, म्हणजे महागाई वजा करून जो परतावा मिळेल असं वाटतं तेवढाच. तेव्हा तो 4 टक्के धरला होता. नंतर जगभर व्याजदर पडले, एवढं मिळणार नाही हे दिसायला लागलं, आणि 2017 मध्ये तो 3 टक्के केला. लक्षात घ्या, सरकारने स्वतःहून आपला खाऊ कमी केला. आणि हा नियम कायद्यात लिहिलेला नाहीये, ती संसदेतल्या मोठ्या पक्षांची संमती आहे. कायद्यात काय आहे, तर पैसा आत कसा येतो आणि बाहेर फक्त संसदेच्या मंजुरीने बजेटकडेच जातो, एवढंच. किती काढायचं हे राजकारणावर सोडलंय, फक्त ते राजकारण उघड्यावर करायला लावलंय.

नियमात थोडी ढील मुद्दाम ठेवलेली आहे. मंदी आली तर 3 पेक्षा जास्त काढा, तेजी असली तर कमी काढा, दीर्घकाळात सरासरी जमली म्हणजे झालं. 2020 मध्ये साथीच्या वर्षी त्यांनी बेधडक जास्त काढले, आणि त्याच वर्षी तेलाचा भावही पडलेला होता, त्यामुळे आत येणारं वजा करून फंडातून निव्वळ 298 अब्ज क्रोनर, म्हणजे नॉर्वेचं चलन, बाहेर गेले, तोपर्यंतची ती सगळ्यात मोठी उचल होती. पण बाजार चढल्यामुळे फंडाने त्याच वर्षी 1,070 अब्ज क्रोनर कमावले. म्हणजे एवढी उचल करूनही वर्षअखेर फंड मोठाच झाला.

एक गोष्ट लोक सांगत नाहीत. हा फंड पहिल्या दिवसापासून गलेलठ्ठ नव्हता. उलट सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात नॉर्वेने "तेल तर येणारच आहे" म्हणून परदेशातून भरपूर कर्ज उचललं होतं, म्हणजे जी चूक इतर देश करतात तीच त्यांनीही केली. 1983 मध्ये सरकारच्या एका समितीने फंड काढा असं सुचवलं, मग 1986 ला तेलाचा भाव गडगडला, सगळ्यांचे डोळे उघडले, आणि 1990 मध्ये कायदा झाला. पण पहिला पैसा फंडात कधी पडला, तर मे 1996 मध्ये, सुमारे 2 अब्ज क्रोनर. मधली सहा वर्षं कायदा होता आणि फंड रिकामा. कारण काय तर नव्वदच्या सुरुवातीला तिथे मंदी होती आणि तेल वगळून तूट एवढी मोठी होती की आलेला तेलाचा पैसा सगळा तीच खाऊन टाकायची, 50 आत आणि 50 बाहेर अशी गत. त्या काळात त्यांना सहज दाखवता आलं असतं की बघा आम्ही फंडात टाकले, फक्त तेवढंच कर्ज बाजारातून काढायला लागलं असतं. त्यांनी ते केलं नाही, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात मोलाची गोष्ट ती आहे. तूट आधी फंडातून भरायची, उरलं तरच ते बचत. त्यामुळे फंडात जे दिसतं ते खरंच उरलेलं असतं.

याच्या उलट काय होतं ते घानाकडे बघून कळतं. तिथे 2010 च्या शेवटी ज्युबिली क्षेत्रातून तेल निघायला लागलं आणि 2011 मध्ये त्यांनी कायदा केला, कागदावर चांगला कायदा आहे, अपेक्षित तेल उत्पन्नाचा जास्तीत जास्त 70 टक्के भाग बजेटला, बाकीच्याचे दोन भाग, एक भाव पडला तर सावरायला आणि एक पुढच्या पिढीसाठी. पण बजेटच्या तुटीला कुणी लगाम घातला नाही. म्हणजे एका खिशात पुढच्या पिढीसाठी पैसा ठेवला जात होता, जो अमेरिकन सरकारी रोख्यांत दोन टक्क्यांच्या आसपास कमवत होता, आणि दुसऱ्या खिशासाठी 2015 मध्ये त्याच सरकारने 1 अब्ज डॉलर बाजारातून उचलले ते 10.75 टक्क्यांनी, तेही जागतिक बँकेने काही भागाची हमी घेतल्यावर. दोन टक्के कमवायला पावणेअकरा टक्के मोजायचे. त्या पुढच्या पिढीला फंडही मिळणार आणि कर्जही, आणि कर्ज कितीतरी मोठं. डिसेंबर 2022 मध्ये घानाने बहुतेक परदेशी कर्जांचे हप्ते थांबवले. मी घानाच्या लोकांना दोष देत नाहीये, त्यांच्या अडचणी खऱ्या होत्या, आणि कोसळण्याची कारणं तेलापेक्षा बरीच मोठी आहेत, पण फंडाच्या हिशेबाने बोलायचं तर ज्याचं कर्ज महाग आहे त्याने आधी कर्ज फेडावं, तीच त्याची सगळ्यात चांगली गुंतवणूक असते, बिनजोखीम 10.75 टक्के परतावा दुसरीकडे कुठे मिळणार.

आता तुमचा परदेशवाला प्रश्न. इथे भावना आड येतात हे मला माहितेय, आपला पैसा आणि दुसऱ्यांच्या कंपन्यांत का. नॉर्वेचा फंड नॉर्वेमध्ये एक क्रोनरही गुंतवत नाही, सगळं बाहेर. कारणं दोन आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण चलनाचं. तेल विकून डॉलर येतात. ते डॉलर देशात आणून खर्च करायचे तर आधी विकून क्रोनर घ्यायला लागतात, मग क्रोनर महाग होतो, आणि पैसा बाजारात खेळायला लागला की मजुरी वाढते. तेलवाल्यांना ते परवडतं, पण मासे विकणारा, जहाजं बांधणारा, यंत्रं बनवणारा बाहेरच्या गिऱ्हाइकाला अचानक महाग वाटायला लागतो. त्याचे कारखाने बंद पडतात, आणि पंचवीस-तीस वर्षांनी तेल संपलं की ते परत उघडत नाहीत, कारण माणसं आणि कसब दोन्ही गेलेलं असतं. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनचा प्रचंड गॅस 1959 मध्ये सापडल्यावर असंच काहीसं झालं म्हणून याला डच डिसीज म्हणतात. डॉलर बाहेरच ठेवले आणि दरवर्षी थोडे थोडेच आत आणले तर देशाला पचवायला वेळ मिळतो. तुम्ही म्हणाल रस्ते, दवाखाने तरी बांधा. बांधायला हरकत नाही, नॉर्वेही बांधतो, फंडाच्या त्या 3 टक्क्यांतून. पण देशात गवंडी आणि इंजिनिअर आहेत तेवढेच आहेत, पैसा दहापट केला म्हणून दवाखाने दहापट होत नाहीत, तेच दवाखाने महाग होतात.

दुसरं कारण राजकारणाचं, आणि त्यासाठी कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताची गोष्ट सांगायला हवी. त्यांनी फंड काढला 1976 मध्ये, म्हणजे नॉर्वेच्या पहिल्या ठेवीच्या तब्बल वीस वर्षं आधी, आणि तेल-गॅसच्या उत्पन्नाचे 30 टक्के त्यात टाकायचे ठरलं. पण त्या फंडाला प्रांताच्या आत गुंतवायची मुभा होती, काही पैसा थेट बांधकामं, उद्यानं, सिंचन, संशोधन असल्या गोष्टींत गेला. कामं वाईट होती असं नाही. पण त्यातून परतावा काही येत नव्हता, आणि हिशेबात मात्र ती मालमत्ता म्हणून दाखवली जायची. तिकडे त्याला "मानीव मालमत्ता" अशा अर्थाचा शब्दच होता, मला तो फार आवडतो, मानली तर मालमत्ता. मग 1982 च्या सुमाराला फंडाचं उत्पन्न बजेटकडे वळवलं, 30 टक्क्यांचे 15 केले आणि 1987 ला टाकणंच थांबवलं. 2017 च्या आसपास तो फंड सतरा अब्ज कॅनेडियन डॉलरच्या जवळपास होता. तेव्हा नॉर्वेचा फंड एक ट्रिलियन अमेरिकन डॉलरला टेकला होता. आता ही तुलना अगदी सरळ नाही, अल्बर्टा हा प्रांत आहे, त्याच्या तेलावरचा काही टॅक्स केंद्राकडे जातो, तेल काढायचा खर्चही वेगळा आणि करही त्यांनी मुद्दाम कमी ठेवले, म्हणजे लोकांना त्यांचा वाटा कमी टॅक्सच्या रूपात आधीच मिळाला असंही कुणी म्हणेल, आणि ते अगदी चूक नाही. पण फंड म्हणून बघाल तर फरक कशाने पडला हे स्पष्ट आहे, टाकायचं किती हे तिथे सरकारच्या मर्जीवर होतं आणि काढायची दारं अनेक होती.

देशातल्या गुंतवणुकीचा माझा स्वतःचा एक अनुभव. एका देशाच्या फंडाचा अहवाल मी बघत होतो, देशाचं नाव नाही सांगत, दरवर्षी छान आठ-नऊ टक्के उत्पन्न दाखवत होते. मी दोन वर्षं ते आकडे जसेच्या तसे उचलून माझ्या टेबलमध्ये टाकले. तिसऱ्या वर्षी टिपा वाचताना दिसलं की मोठा भाग त्यांच्याच सरकारी वीज कंपनीला कर्ज म्हणून दिलेला होता, व्याज लावलं जात होतं पण ती कंपनी ते देत नव्हती, न दिलेलं व्याज मुद्दलात मिळवलं जायचं आणि फंड "वाढायचा". तेव्हापासून मी उत्पन्न किती हे बघत नाही, रोख किती आली ते बघतो. बाहेरच्या शेअर बाजारातले शेअर असतील तर हा प्रकार करता येत नाही, किंमत रोज जगासमोर ठरते.

म्हणूनच नॉर्वेची गुंतवणूक इतकी कंटाळवाणी ठेवलेली आहे. मालक अर्थ मंत्रालय, चालवणारी त्यांची मध्यवर्ती बँक. बँकेला हुकूम असा की साधारण 70 टक्के शेअर आणि बाकी बहुतेक रोखे, थोडी मालमत्ता, आणि जगभरच्या इंडेक्सच्या जवळपास राहा. एका कंपनीत सहसा 10 टक्क्यांपेक्षा जास्त शेअर घ्यायचे नाहीत, म्हणजे कंपनी चालवायची नाही, फक्त तिच्यात असायचं. यामुळे जगातल्या सगळ्या लिस्टेड शेअरपैकी दीड टक्क्याच्या आसपास त्यांच्याकडे आहे, हजारो कंपन्यांत थोडं थोडं. खर्च वर्षाला शंभर रुपयांमागे पाच पैसेसुद्धा लागत नाही. हुशार शेअर निवडून हा फंड मोठा झाला असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे निराशाजनक आहे.

पण हा कंटाळा टिकवायला पोटात दम लागतो. 2007 मध्ये त्यांनी ठरवलं की शेअरचा वाटा 40 वरून 60 टक्के करायचा, आणि नेमकं 2008 आलं. त्या वर्षी फंड 23.3 टक्के पडला, 633 अब्ज क्रोनरचा तोटा. आणि ते ठरल्याप्रमाणे पडत्या बाजारात शेअर घेतच राहिले, वर्तमानपत्रं रोज ठोकत होती तरी. 2009 मध्ये 613 अब्ज परत आले. खासगी माणसाला हे का जमत नाही, कारण त्याला घरखर्चाला पैसे काढायला लागतात. फंडाला तेव्हा तेलाचा पैसा येतच होता, काहीही विकायची पाळी नव्हती. ज्या फंडाला मंदीत विकायला लागतं त्याने 70 टक्के शेअर ठेवणं धोक्याचं, त्याने रोखे आणि रोकडच धरावी, मग परतावा कमी तर कमी.

आता 2022 चं वर्ष घेतो, कारण त्यात सगळं एकत्र दिसतं. वर्षाच्या सुरुवातीला फंड होता 12,340 अब्ज क्रोनर. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर युरोपात गॅसचे भाव अस्मानाला भिडले, नॉर्वे गॅस विकतो, त्यामुळे बजेटला द्यायचं देऊनही फंडात निव्वळ 1,090 अब्ज पडले, इतके एका वर्षात कधीच पडले नव्हते. त्याच वर्षी व्याजदर वाढल्याने शेअर आणि रोखे दोन्ही एकदम पडले, परतावा उणे 14.1 टक्के, तोटा 1,637 अब्ज. म्हणजे विक्रमी कमाईपेक्षा बाजाराने जास्त नेलं. तरी वर्षअखेर फंड किती, 12,429 अब्ज, आधीपेक्षा जास्त! हे कसं काय? तर क्रोनर कमजोर झाला होता. फंड डॉलर, युरो, येनमध्ये आहे आणि मोजतात क्रोनरमध्ये, त्यामुळे नुसत्या चलनाने 642 अब्ज वाढले. त्या 642 अब्जांनी परदेशात एक शेअरही जास्त मिळत नाही. पण 3 टक्के काढायचे ते क्रोनरच्या आकड्यावर, म्हणजे चलन पडलं की सरकारला जास्त खर्चाची परवानगी मिळते, तीही महागाई असताना. नियमाचं हे दुखणं खरं आहे आणि त्यावर सोपं औषध नाही, सरकारने समंजसपणे कमी काढणं एवढंच.

दुसरं दुखणं आकाराचं. 2024 च्या शेवटी फंड 19,742 अब्ज क्रोनर होता, माणसं साधारण छप्पन्न लाख, आणि तेल सोडून जी अर्थव्यवस्था आहे तिच्या चारपटीहून मोठा. यातला अर्ध्याहून जास्त पैसा तेलातून आलेला नाही, तो परताव्याचा आहे. सुरुवातीला फंडामुळे बजेट तेलाच्या भावापासून सुटलं, पण आता ते शेअर बाजाराला बांधलं गेलंय. फंड दहा टक्के पडला तर तेल सोडून देशाचं जे वार्षिक उत्पन्न आहे त्याच्या 40 टक्क्यांहून जास्त रक्कम कागदावरून जाते. आणि 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात पण एवढ्या फंडाचे 3 टक्के म्हणजे जवळपास 590 अब्ज, बजेटचा पाचव्या हिश्श्याच्या वर भाग त्यावरच चालतो. फंड वाढत गेला म्हणून मर्यादा आपोआप वाढते, कुणाला टॅक्स वाढवायला नको, कुणाला खर्च कापायला नको. तिथले अर्थतज्ज्ञ याच गोष्टीवर आता जास्त बोलतात, की एवढी आयती सवय लागल्यावर बाजार दहा वर्षं झोपला तर काय करणार.

आणि गरीब देशाने हेच जसंच्या तसं उचलावं का, तर मी नाही म्हणेन. जिथे बंदरापर्यंत रस्ता नाही तिथे एका बऱ्या रस्त्याचा परतावा जगाच्या शेअर बाजारापेक्षा जास्त असू शकतो, फक्त तो रस्ता बजेटमधून जावा, निविदा निघावी, हिशेब दिसावा. फंडातून परस्पर नको. अशा देशाला सुरुवातीला पिढ्यांच्या फंडापेक्षा भावाचे चढउतार सोसणारा छोटा फंड आणि कर्जफेड हेच जास्त उपयोगाचं.

तुम्हाला कुठल्याही देशाचा फंड तपासायचा असेल तर फंडाच्या वेबसाइटवरचा तो पळता मोठा आकडा सोडून द्या. त्या देशाचं बजेट उघडा आणि तेल वगळून तूट किती ते शोधा, ती फंडाच्या किती टक्के येते ते काढा. नॉर्वेच्या बजेटमध्ये हा आकडा सरळ छापलेला असतो, मंदी-तेजीचा परिणाम वजा करून. मग त्याच वर्षात सरकारने तूट भरायला किती नवं कर्ज काढलं आणि किती व्याजाने ते बघा. बऱ्याच देशांच्या बजेटमध्ये तेल वगळून तूट हा आकडा सापडतच नाही, तेलाचा टॅक्स आणि बाकीचा टॅक्स एकाच ओळीत असतो. तसं दिसलं तर मी फंडाचा अहवाल पुढे वाचायच्या आधी ती ओळ फोडायला बसतो, कधीकधी त्यातच दोन दिवस जातात.